दोन जोखमी एकत्र आल्या की जोखीम कमी कशी होते? प्रमाण विचलन आणि विविधीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संख्याशास्त्र शिकवते, आणि गुंतवणुकीवर बोलायला गेले की नंतर निरोप येतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ४ हा सगळ्याचा गाभा आहे. घाई असेल तर २ आणि ४ वाचा, बाकीचे लागतील तसे पाहा. उदाहरणातले परतावे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी ठरवलेले आहेत, ते कोणत्याही खऱ्या योजनेचे नाहीत.

१. फंडाच्या फॅक्टशीटवर ‘स्टँडर्ड डेव्हिएशन १५’ असं लिहिलंय. म्हणजे माझे १५ टक्के बुडू शकतात का?

नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रमाण विचलन, तोट्याची मर्यादा सांगत नाही. एखाद्या वर्षाचा परतावा सरासरीपासून साधारण किती लांब पडतो, एवढंच ते सांगतं, मग तो वर पडो वा खाली.

समजा सरासरी परतावा १२ टक्के आहे आणि प्रमाण विचलन १५. तर तीनपैकी साधारण दोन वर्षं उणे ३ ते अधिक २७ या पट्ट्यात जातील. उरलेल्या वर्षांपैकी निम्मी वर आणि निम्मी खाली, म्हणून सुमारे सहा वर्षांतून एकदा परतावा उणे ३ च्याही खाली जाईल. हा अंदाज परताव्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा आहे असं धरून केलेला असतो. बाजारात फार वाईट वर्षं या अंदाजापेक्षा जास्त वेळा येतात, त्याबद्दल प्रश्न ११ मध्ये लिहिलं आहे.

२. हे काढतात कसं? एकदा हाताने करून दाखवाल का?

दोन गुंतवणुकी घेऊ, एक शेअर फंड आणि दुसरं सोनं. पाच वर्षांचे परतावे टक्क्यांत असे:

| वर्ष | शेअर फंड | सोनं |
|---|---|---|
| पहिलं | ३० | १८ |
| दुसरं | -१० | १८ |
| तिसरं | २० | -५ |
| चौथं | २ | ४ |
| पाचवं | १८ | २५ |

दोन्हींची बेरीज ६०, म्हणून दोन्हींची सरासरी १२. आता शेअर फंडाच्या प्रत्येक वर्षातून १२ वजा करा: १८, -२२, ८, -१०, ६. यांचे वर्ग करा: ३२४, ४८४, ६४, १००, ३६. बेरीज १००८. तिला ४ ने भागा, २५२ येतात. वर्गमूळ काढलं की १५.९. हे झालं शेअर फंडाचं प्रमाण विचलन.

सोन्यासाठी हेच करा. फरक ६, ६, -१७, -८, १३ येतात, वर्गांची बेरीज ५९४, भागिले ४ म्हणजे १४८.५, आणि वर्गमूळ १२.२. ही उत्तरं कागदावर ठेवा. प्रश्न ४, ५ आणि १० याच आकड्यांवर उभे आहेत.

३. वर्ग कशाला करायचे, आणि पाच वर्षं असताना ४ ने का भागायचं?

वर्ग न करता फरकांची नुसती बेरीज केली तर ती नेहमी शून्यच येते, कारण सरासरीच्या वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. चिन्हं पुसून सरासरी काढता येते, पण मग दोन गुंतवणुकी एकत्र केल्यावर काय होईल याचं सोपं सूत्र मिळत नाही. वर्गांमुळे ते मिळतं.

४ ने भागण्याचं कारण असं की सरासरीही आपण याच पाच आकड्यांवरून काढली आहे. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसतात, आणि एकने कमी भागून ती तूट भरून काढतात.

४. एकाची जोखीम १५.९, दुसऱ्याची १२.२. निम्मे-निम्मे घेतले तर जोखीम मधली, म्हणजे १४ व्हायला हवी ना?

सगळ्यांना असंच वाटतं, आणि परताव्याच्या बाबतीत ते खरंही आहे. मिश्रणाचा परतावा दोन्हींच्या बरोबर मधे पडतो. जोखमीचं तसं होत नाही. हे सूत्रावरून मानण्यापेक्षा स्वतः करून पाहा.

दरवर्षी निम्मे पैसे शेअर फंडात आणि निम्मे सोन्यात असतील, तर पाच वर्षांचे परतावे असे येतात: २४, ४, ७.५, ३, २१.५. बेरीज ६०, सरासरी १२. परतावा तसूभरही घटलेला नाही. आता १२ पासूनचे फरक: १२, -८, -४.५, -९, ९.५. वर्गांची बेरीज ३९९.५, भागिले ४ म्हणजे जवळपास १००, आणि वर्गमूळ १०.

चौदा नाही, दहा. आणि हे दहा शेअर फंडाच्या १५.९ पेक्षा तर कमी आहेतच, पण एकट्या सोन्याच्या १२.२ पेक्षाही कमी आहेत. ज्याने सगळे पैसे सोन्यात ठेवले होते, त्याने त्यातले निम्मे काढून सोन्याहून जास्त हेलकावे खाणाऱ्या फंडात टाकले, आणि त्याची एकूण जोखीम उतरली. वर्गात हा आकडा फळ्यावर आला की कुणीतरी हमखास बेरीज पुन्हा तपासायला सांगतं.

असं का झालं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात दिसतं. दुसऱ्या वर्षी शेअर सरासरीच्या २२ ने खाली होते, तेव्हा सोनं ६ ने वर होतं. तिसऱ्या वर्षी सोनं १७ ने खाली, शेअर ८ ने वर. चौथ्या वर्षी मात्र दोन्ही एकदमच खाली होते, आणि तिथे मिश्रणाने काहीच वाचवलं नाही. सरासरी ही बेरीज-भागाकारातून येते, तिला कोणतं वर्ष कुठे आलं याच्याशी घेणंदेणं नसतं. विचलनाला असतं. दोघांची वाईट वर्षं वेगवेगळी पडली की मिश्रणाच्या कुठल्याच वर्षाला पूर्ण तडाखा बसत नाही.

आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे नवं नाही. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात, कारण सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं आणि तूर पुढे कितीतरी दिवस शेतात उभी असते, तिची मुळंही खोल जातात. पावसाचा जो खंड एकाला नेमक्या दाणे भरण्याच्या वेळी गाठतो, तो दुसऱ्याला त्याच वेळी गाठत नाही.

गुंतवणुकीसाठी याचं गणित हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा साधा होता. माणसाला फक्त जास्तीत जास्त अपेक्षित परतावा हवा असता, तर त्याने सगळे पैसे सर्वांत चांगल्या वाटणाऱ्या एकाच शेअरमध्ये टाकले असते. माणसं तसं करत नाहीत, म्हणजे ती जोखमीचाही विचार करतात. आणि जोखीम मोजायची तर एकेक शेअर सुटा पाहून भागत नाही, तो बाकीच्यांबरोबर कसा हलतो तेही पाहावं लागतं.

५. ‘बरोबर हलणं’ मोजायचं कसं? सहसंबंध किती असला की फायदा होतो?

सहसंबंध उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. अधिक १ म्हणजे दोघं पूर्ण जोडीने हलतात, शून्य म्हणजे एकाच्या हालचालीचा दुसऱ्याच्या हालचालीशी सरळ संबंध दिसत नाही, उणे १ म्हणजे पूर्ण उलटे. प्रश्न २ मधल्या दोघांचा सहसंबंध जवळजवळ शून्य आहे. तेच १५.९ आणि १२.२ कायम ठेवून फक्त सहसंबंध बदलला, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं विचलन असं बदलतं:

| सहसंबंध | मिश्रणाचं प्रमाण विचलन |
|---|---|
| १ | १४.० |
| ०.९ | १३.७ |
| ०.५ | १२.२ |
| ० | १०.० |
| -१ | १.८ |

या तक्त्यात दोन गोष्टी पाहा. सहसंबंध अधिक १ च्या जरा जरी खाली आला, तरी मिश्रण सरासरीच्या १४ पेक्षा खाली उतरतं. फायदा सुरू व्हायला सहसंबंध उणे असावा लागत नाही, हा गैरसमज फार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ०.५ ला मिश्रण बरोबर सोन्याइतकं झालंय आणि ०.९ ला सोन्यापेक्षा जास्त. म्हणजे प्रश्न ४ मध्ये जे घडलं, दोघांपेक्षाही कमी जोखीम, ते प्रत्येक जोडीत घडेल असं नाही. उणे १ ची ओळ फक्त टोक कळावं म्हणून दिली आहे. दोन्हींकडून चांगला परतावा अपेक्षित आहे आणि दोन्ही कायम उलटे हलतात, अशी जोडी बाजारात सापडत नाही.

६. माझ्या फंडांचं हे एक्सेलमध्ये काढता येईल का?

सहज. दोन फंडांचे त्याच त्याच महिन्यांचे परतावे दोन रकान्यांत ठेवा. ६० महिने असतील तर:

```
=STDEV.S(B2:B61)
=STDEV.S(B2:B61)*SQRT(12)
=CORREL(B2:B61,C2:C61)
```

पहिल्या ओळीत मासिक विचलन येतं, दुसऱ्या ओळीत वार्षिक. मासिक विचलनाला १२ ने गुणू नका, १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने गुणा. फॅक्टशीटमध्ये सहसा वार्षिक आकडा दिलेला असतो, त्यामुळे तुमचा मासिक आकडा त्याच्याशी थेट ताडून पाहू नका. आणखी एक चूक नेहमी होते: परताव्यांऐवजी एनएव्हीच्या रकान्यांवर सहसंबंध काढला जातो. दोन्ही एनएव्ही वर्षानुवर्षं वर जात असल्या, तर त्यांच्यात काही संबंध नसतानाही ०.९ सारखा आकडा येतो.

७. पण सोन्याचा परतावा शेअरपेक्षा कमी धरला, तर मिश्रणाचा परतावा घसरणारच. मग ‘परतावा न घटवता’ कसं म्हणता?

बरोबर पकडलंत. प्रश्न ४ मध्ये दोन्हींची सरासरी १२ होती म्हणून परतावा जागचा हलला नाही. अपेक्षा वेगळ्या असतील तर मिश्रणाचा परतावा वाट्यांच्या प्रमाणात मधे येईल. मग प्रश्न असा विचारायचा, की तेवढाच परतावा दुसऱ्या कोणत्या मार्गाने किती जोखमीत मिळाला असता?

समजा शेअरची अपेक्षा १२ आणि विचलन १८, सोन्याची अपेक्षा ९ आणि विचलन १५, सहसंबंध शून्य. ६० टक्के शेअर आणि ४० टक्के सोनं घेतलं, तर अपेक्षित परतावा १०.८ आणि विचलन १२.४. आता सोनं नको, ७ टक्क्यांची एफडी घेऊ. १०.८ हाच परतावा हवा असेल तर ७६ टक्के शेअरमध्ये आणि २४ टक्के एफडीत ठेवावे लागतात, आणि विचलन येतं १३.७. एफडी सुटी पाहिली तर अगदी शांत, सोनं सुटं पाहिलं तर १५ चं विचलन. तरी त्याच परताव्याला सोन्याचं मिश्रण कमी हललं. परतावा न घटवता जोखीम कमी होते ती अशी. आकडे बदलले तर उत्तर उलटंही येऊ शकतं, म्हणून स्वतःचे अंदाज घालून पाहा.

८. म्हणजे एफडी ठेवणं हे विविधीकरण नाही?

माझ्या मते त्याला वेगळं नाव हवं. निम्मे पैसे एफडीत टाकले की विचलन निम्मं होतं, पण शेअरमधून मिळणारा जादा परतावाही बरोबर निम्मा होतो. दुधात पाणी घातल्यासारखं आहे हे, चव आणि कस दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात. पैसे लवकर लागणार असतील तर ते योग्यच. फक्त प्रश्न ४ मधला फायदा इथे मिळत नाही, कारण तो दोन हलणाऱ्या गोष्टींची हालचाल वेगवेगळी असण्यातून येतो.

९. माझ्याकडे सहा लार्ज कॅप फंड आहेत. माझं विविधीकरण पुरेसं आहे ना?

तुमच्याकडे सहा नावं आहेत, गुंतवणूक बहुतांशी एकच. सेबीच्या व्याख्येनुसार लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या, आणि या फंडांना किमान ८० टक्के पैसे तिथेच ठेवावे लागतात. सहाही फंडव्यवस्थापक त्याच दुकानातून माल उचलत आहेत. प्रत्येकाचं विचलन १५ आणि आपसातला सहसंबंध ०.९५ धरला, तर सहा फंडांचं मिळून विचलन येतं १४.७.

सुट्या शेअर्सचंही असंच होतं, फक्त सुरुवातीला फायदा मोठा दिसतो. प्रत्येक शेअरचं विचलन ३० आणि आपसात सहसंबंध ०.३ धरू. एक शेअर असताना ३०, पाच समान वाट्यांत २० च्या किंचित खाली, दहांत १८.२, वीसांत १७.४, पन्नासांत १६.८. त्यानंतर कितीही शेअर घ्या, १६.४ च्या खाली जाता येत नाही. एखाद्या कंपनीचा कारखाना जळणं, संचालकांनी घोटाळा करणं, औषधाला परवानगी नाकारली जाणं, या जोखमी गर्दीत विरघळतात. व्याजदर, तेलाचे भाव, मंदी या सगळ्यांना एकदम लागतात आणि त्या तशाच उरतात. वीस शेअर्सनंतर एकविसावा शोधण्यापेक्षा वेगळ्या स्वभावाची मालमत्ता शोधणं कितीतरी जास्त फळतं.

१०. दरवर्षी पुन्हा निम्मं-निम्मं करावंच लागतं का? आणि विचलन कमी झाल्याने हातात काही पडतं, की फक्त झोप चांगली लागते?

हातात पडतं. प्रश्न २ मधलेच परतावे घेऊन एक लाख रुपये पाच वर्षं चक्रवाढीने वाढवले. एकट्या शेअर फंडात १,६८,९८५ रुपये झाले, एकट्या सोन्यात १,७१,९६१. दरवर्षी पुन्हा निम्मं-निम्मं केलेल्या मिश्रणात १,७३,४९१. तिघांची सरासरी १२ च आहे, तरी सगळ्यात कमी हललेल्याचे पैसे सगळ्यात जास्त झाले. अजिबात न हलता दरवर्षी ठाम १२ टक्के मिळाले असते तर १,७६,२३४ झाले असते.

कारण चक्रवाढीत खड्डा महाग पडतो. १०० चे ८० झाले तर परत १०० व्हायला २० नाही, २५ टक्के लागतात. खड्डे उथळ झाले की ही गळती कमी होते.

पहिल्या वर्षी निम्मं-निम्मं करून नंतर हातच लावला नसता, तर १,७०,४७३ रुपये झाले असते. म्हणजे समतोल पुन्हा साधण्याने या उदाहरणात तीन हजार वाढले. मात्र हे दरवेळी होत नाही. एक मालमत्ता अनेक वर्षं सलग पळत राहिली, तर तिच्यातून काढत राहिल्याने पैसे कमीच होतात. समतोल साधायचा तो मुख्यतः जोखीम ठरवलेल्या पातळीवर ठेवण्यासाठी. हे करताना विक्रीवर कर लागतो, म्हणून जमेल तिथे नवीन पैसे मागे पडलेल्या बाजूला टाकून समतोल साधा.

११. २००८ मध्ये तर सगळंच एकदम पडलं. गरजेच्या वेळीच हे गणित का फसतं?

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा हीच. ३१ डिसेंबर २००७ ला सेन्सेक्स २०,२८७ वर होता, वर्षभराने ९,६४७ वर. लार्ज कॅप, मिड कॅप, बांधकाम, बँका, परदेशी शेअर, सगळे बरोबर पडले. घबराटीत लोक जे विकलं जाईल ते विकतात, त्यामुळे शांत वर्षांत ०.३-०.४ दिसणारे सहसंबंध अचानक १ कडे सरकतात. तूर-सोयाबीनचंही तसंच आहे. पावसाचा खंड दोघांना वेगवेगळा लागतो, पण सपशेल दुष्काळात दोन्ही पिकं जातात.

रुपयातलं सोनं मात्र त्या वर्षी वाढलं, आणि त्यामागचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो. परदेशी गुंतवणूकदार आपले शेअर विकून डॉलर घेऊन जातात तेव्हा रुपया घसरतो. २००८ मध्ये डॉलर साधारण ३९ रुपयांवरून ४८ च्या आसपास गेला. जो धक्का शेअर पाडतो, तोच रुपयातल्या सोन्याला आधार देतो. मागच्या आकड्यांतून दिसलेल्या सहसंबंधापेक्षा असं समजण्याजोगं कारण असलेल्या सहसंबंधावर मी जास्त विसंबते. तरी तो दररोज टिकत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला, आणि त्या महिन्याच्या मध्यात काही दिवस जागतिक बाजारात सोनंही खाली आलं होतं, कारण लोकांना रोकड हवी होती.

तुमच्या बाबतीत हे तपासायचं असेल तर पूर्ण काळाचा सहसंबंध काढून थांबू नका. शेअर बाजाराचे सगळ्यात वाईट दहा-बारा महिने वेगळे काढा आणि त्या महिन्यांत तुमची दुसरी मालमत्ता किती हलली ते पाहा.

१२. आमच्या प्लॉटचा भाव कधी पडतच नाही. मग त्याचं प्रमाण विचलन शून्य धरायचं का?

भाव पडत नाही, की विचारला जात नाही? शेअरचा भाव रोज लागतो. प्लॉटचा भाव तुम्ही विकायला काढता तेव्हाच खरा लागतो, एरवी शेजारच्या सर्व्हे नंबरमधल्या जुन्या व्यवहारावरून आपण अंदाज बांधतो. मंदीत भाव उतरण्याऐवजी गिऱ्हाईक येणं थांबतं. तुम्ही वर्षभर थांबता, आणि ती वर्षभराची वाट कुठल्याच आकड्यात दिसत नाही. अशा अंदाजांवरून काढलेलं विचलन खऱ्यापेक्षा बरंच कमी येतं, आणि शेअर्सशी सहसंबंधही खोटा कमी दिसतो.

हीच अडचण कमी पतीचे रोखे घेणाऱ्या कर्जरोखे फंडांची. रोखा बुडेपर्यंत एनएव्ही संथपणे वर जाते, विचलन अगदी लहान दिसतं, आणि मग एका दिवसात पायरी तुटते. जिथे तोटा क्वचित पण एकदम येतो, तिथे फॅक्टशीटवरचा लहान आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, आत कोणाचे रोखे आहेत ते उघडून पाहा.

१३. मी पुण्यात आयटी कंपनीत आहे. कंपनीचे शेअर मिळालेत आणि आयटीचा सेक्टर फंडही चांगला चाललाय. त्यात काय बिघडलं?

या यादीत तुमचा पगार धरा. बहुतेकांची सगळ्यात मोठी मालमत्ता तीच असते, आणि तिचा सहसंबंध नेमका याच शेअर्सशी आहे. अमेरिकेतल्या ग्राहकांनी खर्च आवळला तर फंड पडेल, कंपनीचा शेअर पडेल, आणि नोकरीवर टांगती तलवारही त्याच तिमाहीत येईल. आयटी पार्कजवळ कर्ज काढून फ्लॅट घेतला असेल, तर त्याचा भाव आणि भाडंही त्याच उद्योगावर चालतं. कागदावर या चार वेगळ्या गुंतवणुकी आहेत.

मिळालेले शेअर विकण्याची मुभा आली की ते टप्प्याटप्प्याने विकून व्यापक इंडेक्स फंड आणि थोडं सोनं याकडे वळवणं, हे मी अशा प्रत्येकाला सुचवते. कंपनी चांगली आहे हे मान्य करूनही. अपेक्षित परतावा तेवढाच धरला तरी विचलन लक्षणीय उतरतं, कारण एका कंपनीची स्वतःची जोखीम (प्रश्न ९) निघून जाते. विकण्याआधी तुमच्यावर किती कर लागेल ते सनदी लेखापालाकडून काढून घ्या, म्हणजे एका वर्षात किती विकायचं ते ठरवता येईल.